छोट्या गाडीवरचा कॉफीचा मेनू: कॉफी बदला, दुधाचं माप बदलू नका

प्रश्न: कॉफीची छोटी गाडी टाकतोय. मशीन एकच, एका हँडलचं. दूध रोज सहा लिटरच्या वर ठेवायला जागा नाही. मेनूत काय काय ठेवू आणि किमती कशा लावू?

चार गोष्टी ठेवा: दुधाची साधी, दुधाची कडक, काळी, आणि उन्हाळ्यात थंड काळी. पाचवी नको. दुधाचा कप एकाच मापाचा.

हे इतक्या ठामपणे लिहितेय कारण याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या भाऊजींचं वाजलं होतं. पुण्यात तळजाईच्या रस्त्याला आमची गाडी होती. सकाळी टेकडीवरून उतरणारी माणसं हे आमचं गिऱ्हाईक. मशीन मी चालवायची, पैसे निम्मे भाऊजींचे. त्यांनी फलक रंगवून आणला त्यावर सतरा नावं होती. कॅपुचिनो, लाटे लहान, लाटे मोठा, फ्लॅट व्हाइट, मोका, हेझलनट, कोल्ड कॉफी, सगळं. मी म्हटलं, "भाऊजी, एवढं नाही झेपणार." ते म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं. आहे ते सगळं दुधात कॉफीच तर आहे."

तिथेच चूक आहे. दुधात कॉफी असली तरी प्रत्येकाला दूध वेगळं लागतं. कॅपुचिनोला शंभर मिलि दूध आणि भरपूर फेस, मोठ्या लाट्याला सव्वादोनशे मिलि आणि फेस अगदी पातळ. दूध फेसाळायच्या एका जगात दोन्ही होत नाहीत. मग दर कपाला जग वेगळा, वाफ वेगळी, आणि प्रत्येक जगाच्या तळाला थोडं दूध उरतं.

एका रविवारी सव्वाआठला रांग लागली होती. मोठा लाटे दिला, जगात ऐंशीएक मिलि उरलं. पुढे कॅपुचिनो होता. भाऊजी मागून म्हणाले, "टाकू नकोस, त्यातच थोडं नवं ओत." मी ओतलं. गरम दुधाला परत वाफ लावली की आवाजच बदलतो. गार दुधात हवा शिरताना कागद फाडल्यासारखा बारीक आवाज येतो, इथे सुरुवातीपासूनच किंचाळल्यासारखा येत होता. फेस मोठ्या बुडबुड्यांचा आला, साबणासारखा, आणि कपात ओतेस्तोवर बसला. रोज येणाऱ्या एका आजोबांनी एक घोट घेतला आणि कप परत ठेवला. "पोरी, याला उतू गेलेल्या दुधाचा वास येतोय." पैसे घ्यायला तयार नव्हते. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

कारण साधं आहे. दूध पाच-सहा अंशांवर असतं तेव्हापासून साधारण पस्तीस-चाळीस अंशांपर्यंतच त्यात हवा नीट कालवता येते, नंतर फक्त तापवायचं, आणि साठ-पासष्टला थांबायचं. सत्तरच्या पुढे गोडवा जातो आणि वास येतो. एकदा तापलेल्या दुधात हवा घालायला वेळच उरत नाही.

त्या रविवारी मी जगात उरलेलं सगळं दूध एका स्टीलच्या डब्यात ओतत गेले. दहा वाजता मापलं तर लिटरला थोडंच कमी. सहा लिटरमधलं! आणि दूध पावणेनऊलाच संपलं होतं. डबा भाऊजींपुढे ठेवला. ते म्हणाले, "दही लावू."

आता तुमच्या कामाचं. एका हँडलच्या स्वस्त मशीनमध्ये बॉयलर बहुधा एकच असतो. कॉफीला पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपास लागतं, वाफेसाठी तोच बॉयलर सव्वाशेच्या वर न्यावा लागतो. म्हणजे आधी कॉफी काढायची, तीस सेकंद. मग वाफ तयार व्हायला मिनिटभर. दूध चाळीस सेकंद. मग हँडल न लावता पाणी सोडून बॉयलर खाली आणायचा, फसफस थांबून पाणी शांत पडेपर्यंत. हे पाणी सोडायला विसरलात तर पुढची कॉफी जळकी, कडवट येते. ओतणं, पैसे घेणं धरून एक घाणा साडेतीन मिनिटांचा. सात ते नऊ या दोन तासांत चौतीस घाणे, एवढंच.

प्रत्येक कप वेगळा असेल तर चौतीस कप. पण कप एकाच मापाचा असेल तर एका घाण्यात दोन निघतात: अठरा ग्रॅम पावडरची कॉफी दोन तोटींतून दोन कपांत, आणि जगात दोनशे मिलि दूध, प्रत्येकी शंभर. मी जगाला आतून खिळ्याने खूण करून ठेवली होती. दोन्ही कप ओतले की जग रिकामा. सहा लिटरचे सांडलवंड धरून पंचावन्न कप होतात, आणि तेवढे तुम्ही दोन तासांत काढूही शकता. मोठा लाटे ठेवलात तर तेच दूध पंचवीस माणसांत संपतं.

एकटंच गिऱ्हाईक आलं तर जगात शंभरच मिलि घ्या. वाफेची नळी बुडत नसेल तर लहान जग आणा, दूध वाढवू नका.

वेगळेपणा कॉफीत द्या, दुधात नको. कडक म्हणजे अख्खी अठरा ग्रॅमची कॉफी एका कपात, दूध तेवढंच शंभर. काळीला वाफ लागतच नाही, म्हणून ती रांगेत मध्येच काढता येते, फक्त वाफेच्या आधी काढा. थंड काळीला तर मशीनच लागत नाही. शंभर ग्रॅम जाडसर दळलेली पावडर एक लिटर पाण्यात, फ्रिजमध्ये बारा-चौदा तास, मग मलमलीतून गाळायची. आठशे मिलिच्या आसपास निघते. ग्लासाला शंभर मिलि, वर बर्फ आणि थोडं पाणी.

दूध पिशवीतलं गाईचं घ्या, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि घरच्यासारखं उकळून आणू नका. सायीचे तुकडे नळीच्या भोकात अडकतात.

भाऊजी अजून लग्नाकार्यात सांगतात की मी लाटे काढून टाकला म्हणून धंदा वाढला नाही. फलक चार ओळींचा केल्यावर आमचं दूध नऊपर्यंत पुरायला लागलं आणि डबा रिकामा राहायला लागला. ते आजोबाही परत आले, साधी घ्यायचे. "लाटे आहे का" असं विचारणाऱ्याला मी साधीच द्यायचे आणि सांगायचे की आमच्याकडे दुधाची अशी मिळते. फार थोडे परत गेले.

किमतींचं तुमच्या जागेवर आहे. एवढंच बघा की कडकला साधीच्या दुप्पट पावडर जाते, त्यामुळे पाच रुपयांच्या फरकात ती देऊ नका.

हो, एक राहिलं. गाडी कॉलेजसमोर असेल तर कोल्ड कॉफीला नाही म्हणून चालणार नाही. तेव्हा दोन लिटर दूध वेगळं काढा, अकरानंतरच विका आणि ते संपलं की त्या दिवशीपुरती बंद. आणि तुमच्या मशीनमध्ये कॉफी आणि वाफ एकाच वेळी निघत असेल तर घाणा दीड-दोन मिनिटांत होतो. मग वेळ पुरेल, पण दूध सहाच लिटर आहे, म्हणून कपाचं माप तेच ठेवा.