काचेच्या पार्टिशनशिवाय बाथरूमला पडदा: टेन्शन रॉड, स्क्रूचा रॉड की वाकलेला?

प्रश्न: "आमचं घर वेंगुर्ल्याला, चिऱ्याच्या भिंती. बाथरूम पाच फूट बाय सात फूट, काचेचं पार्टिशन नाही, शॉवरचं पाणी कमोडपर्यंत जातं. पडदा लावायचा आहे. भोक न पाडता बसणारा टेन्शन रॉड चालेल, की स्क्रूचा लावू? वाकलेला रॉड घेतल्यास जागा जास्त मिळते म्हणतात, खरं का?"

उत्तर:

स्क्रूने बसणारा सरळ रॉड लावा. मी देवबागला राहते. घरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत आणि तिन्ही न्हाणीघरांत मी पडदेच लावलेत.

सुरुवातीला मीही टेन्शन रॉडच आणला होता, कारण नव्या टाइल्सना भोक पाडायला जीव होत नव्हता. उन्हाळाभर तो नीट राहिला. जुलैत एका रात्री पडद्यासकट खाली आला. नशीब, तेव्हा आत कोणी नव्हतं.

तो का पडला ते नंतर कळलं. टेन्शन रॉड फक्त घर्षणावर उभा असतो. आतली स्प्रिंग दोन्ही टोकांची रबरं भिंतीवर दाबून धरते, दुसरा आधार काही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात टाइल कधी कोरडी होतच नाही, तिच्यावर साबणाचा पातळ थर बसतो आणि रबर घसरायला लागतं. शिवाय खाऱ्या हवेने आतली स्प्रिंग गंजते आणि तिचा जोर कमी होतो, तोही बाहेरून न दिसता. पडण्याआधी खूण मात्र दिसते: रबराच्या वर टाइलवर काळसर ओघळ उमटतो. तो अर्धा इंच लांब दिसला की रॉड सरकू लागला असं समजा.

भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल तर टेन्शन रॉड लावा, पण तुमचं माप त्याच्या ताणाच्या मधोमध येईल असा निवडा. पूर्ण लांबवलेल्या रॉडमध्ये आतली नळी बाहेरच्या नळीत जेमतेम अडकलेली असते, त्यामुळे तो मध्ये झोल घेतो. लावण्याआधी टाइल स्पिरिटने पुसा. रॉड अंतरापेक्षा इंचभर लांब करून, दाबून बसवा. स्वतःच्या घरात मात्र ही दगदग नको.

आता वाकलेल्या रॉडचं. जागा जास्त मिळते हे खरं, पण बाथटबवर. तिथे रॉड बाहेर फुगतो, कोपरांना मोकळीक मिळते आणि पडद्याचा खालचा भाग टबच्या उंच कडेच्या आत सोडलेला असतो, त्यामुळे पाणी टबातच पडतं. आपल्याकडे टब नाही, सपाट लादी आहे. पडदा जिथे लोंबेल तिथेच ओघळणार. समजा रॉड मध्ये सहा इंच बाहेर आला, तर ते सहा इंच कमोडच्या बाजूला भिजणार. ते टाळायला दोन्ही टोकं सहा इंच आत घेतली, तर मधला फुगवटा सरळ रॉडच्याच रेषेत येतो. मग वाकवून मिळवलं काय? त्यातही टेन्शनचा वाकलेला रॉड तर नकोच. त्याचं वजन टोकांच्या रेषेच्या बाहेर पडतं, त्यामुळे तो हळूहळू फिरतो आणि फुगवटा खाली झुकतो.

रॉड आणण्याआधी लादी बघा. पडदा अंगावरून उडणारं पाणी अडवतो, लादीवरून वाहणारं नाही. माझ्या न्हाणीघराचं मापही तुमच्यासारखंच आहे. शॉवरच्या भिंतीपासून तीन फुटांवर मी ग्रॅनाइटची दोन इंच उंच पट्टी बसवून घेतली आणि दोन्ही कडांना सिलिकॉन भरलं. अट एकच, नहाणी ट्रॅप पट्टीच्या आत, शॉवरच्या बाजूला हवा आणि ढाळही तिकडेच हवा. तुमचा ट्रॅप कमोडच्या बाजूला असेल तर पट्टीमागे तळं साचेल. मग आधी गवंड्याला बोलवा.

रॉड कुठे येणार हे ओळंब्याने ठरवा. भिंतीवर खूण करून ओळंबा सोडा, तो पट्टीच्या दोन इंच आत पडला पाहिजे. उंचीचा हिशोब असा: पडदा 72 इंच, कड्यांची लोंब 2 इंच आणि लादीपासून 1 इंच मोकळं, म्हणजे रॉड 75 इंचांवर, सव्वासहा फुटांवर. पडद्याची खालची कड पट्टीच्या माथ्यापेक्षा इंचभर खाली येते आणि पाणी आतच राहतं. पडदा लादीला टेकवू नका, कड काळी पडते.

चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडताना घाई करू नका. शॉवर, नळ आणि गीझर यांच्या सरळ वरची रेष टाळा, आत पाइप असतात. खुणेवर मास्किंग टेप लावा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने हळू सुरुवात करा. टाइल पार झाली की काँक्रीटचं बिट लावा, पण हॅमर तरीही बंदच. चिरा मऊ असतो, हॅमरने भोक मोठं होतं आणि स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी सैल बसते. भोकातून पडणारी भुकटी बघत राहा. आधी राखाडी येते, ते सिमेंट. मग तांबडी आली की चिऱ्यात पोचलात. तांबड्या भुकटीनंतर आणखी किमान इंचभर आत जा. गिट्टी टाइल आणि प्लास्टरमध्येच राहिली तर स्क्रू आवळताना ती टाइलमध्ये फुगते आणि टाइल तडकते. बिट मध्येच एकदम आत गेलं तर चिऱ्यातली पोकळी लागली समजा. माझ्या एका भोकात तसं झालं. मी ते इपॉक्सी पुटीने भरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडलं, आणि ते आजही पक्कं आहे. लाकडी गिट्टी ठोकू देऊ नका, ओल धरून कुजते. स्क्रू फिरवण्याआधी भोकात थोडं सिलिकॉन सोडा, म्हणजे टाइलमागे पाणी उतरत नाही.

धातूच्या बाबतीत मी एकदा फसले. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, म्हणून चांगलं स्टील समजून रॉड घेतला. दोन पावसाळ्यांत त्याच्यावर तपकिरी ठिपके आले. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे हे बहुतेकदा खरं. पण न चिकटलं म्हणजे 304 ग्रेडचं चांगलं स्टील असं नाही, कारण स्वस्तातल्या 202 ग्रेडलाही ते सहसा चिकटत नाही. बिलावर 304 लिहून मागा. घर अगदी समुद्राला लागून असेल तर 304 वरही डाग येतात, तिथे 316 मिळालं तर उत्तम. न मिळालं तर अनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा घ्या, तांबडा गंज तरी चढत नाही.

आणि रॉडच्या पाकिटात आलेले स्क्रू वापरू नका. ते बहुधा जस्त चढवलेले लोखंडी असतात, आणि टाइलवरून पहिला तांबडा ओघळ त्यांचाच येतो. दोन इंची स्टीलचे वेगळे घ्या, पाच फुटांच्या रॉडला दोन्ही टोकांच्या चकत्या धरून चार ते सहा लागतील.