टचिंग केलेला फोटो आणि न पटणारी ओळख: वाचकांचे प्रश्न

आजीच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइलवर चेहरा स्कॅन करताना ब्युटी मोड चालू राहिला तर चालते का? (घाटंजी)

बंदच ठेवावा, तरीही चेहरा जुळत नसेल, तर आजींना आधार केंद्रात नेऊन फोटो अद्ययावत करून घ्यावा.

पोलीस भरतीच्या अर्जासाठी स्टुडिओवाल्याने फोटो गोरा केला, जबडा बारीक केला आणि ओठाजवळचा तीळ काढला. मैत्रिणी म्हणतात, मशीनला सगळे कळते. केंद्रावर अडवतील का? (पांढरकवडा)

अडचण येऊ शकते, म्हणून ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. नुसत्या गोरेपणाने सॉफ्टवेअर सहसा फसत नाही. चेहऱ्याची ठेवण बदलली की फसू शकते. ते आधी डोळे, नाकाचे टोक आणि ओठांचे कोपरे शोधते, त्यांवरून चेहरा ठरावीक मापात बसवते आणि त्याची बहुधा 128 किंवा 512 आकड्यांची मालिका तयार करते. दोन फोटोंच्या मालिकांमधील साम्य ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरले, तरच व्यक्ती एक मानली जाते.

समजा, मूळ फोटोत दोन बुबुळांमधील अंतर 120 पिक्सेल आणि जबड्याची रुंदी 240, म्हणजे दुप्पट आहे. टचिंगने जबडा 210 वर आणला, तर ते प्रमाण पावणेदोन पट होते, आणि फोटो कितीही लहानमोठा केला तरी पूर्ववत होत नाही. एवढ्यानेच नकार येईल असे नाही. पण त्यात मोठे केलेले डोळे, अरुंद केलेले नाक आणि केंद्रावरचा अपुरा उजेड यांची भर पडली, की साम्य मर्यादेखाली घसरू शकते.

पर्यवेक्षकाचे काम याहून अवघड असते. ग्लासगो येथील प्रसिद्ध चाचणीत स्पष्ट फोटोंच्या जोड्या जुळवतानाही लोकांची सरासरी अचूकता 80 टक्क्यांच्या आसपास निघाली. अनोळखी चेहरा पाहताना आपण केसांवर आणि चेहऱ्याच्या बाह्यरेषेवर फार विसंबतो, आणि टचिंगने नेमकी तीच रेषा बदलते. बोट ठेवून दाखवता येईल अशी खूण म्हणजे तुमचा तीळ, तोही पुसला गेला आहे. घरच्यांना फोटो तुमचाच वाटतो, कारण ते तुम्हाला रोज पाहतात. ती परीक्षा नव्हे.

‘फॉर्मसाठी खास फिनिशिंग’ म्हणून जादा पैसे घेणाऱ्यांचा मला संताप येतो, कारण नुकसान उमेदवाराचे होते. स्टुडिओकडून मूळ फाइल मागून घ्या. अर्ज भरून झाला असेल, तर हॉलतिकिटाची वाट न पाहता जाहिरातीतील मदत क्रमांकावर आजच विचारा आणि शक्यतो लेखी उत्तर घ्या.

फिल्टरचा फोटो ॲपने पुन्हा मूळ करता येतो का? (देऊळगाव राजा)

मूळ फाइल नसेल तर नाही. ॲप जे भरते तो अंदाज असतो.

पुतण्या कालपासून बेपत्ता आहे. त्याचे सगळे फोटो फिल्टरचे आहेत. पोलिसांना कोणता द्यावा? (सिरोंचा)

चोवीस तास थांबावे लागते ही अफवा आहे. आत्ताच पोलीस ठाण्यात जा. शाळा-कॉलेजच्या ओळखपत्रावरील फोटो आणि नातेवाइकांच्या मोबाइलमधील लग्नकार्यातील विनाफिल्टर सामूहिक फोटो न्या. फिल्टरचा फोटो द्यावाच लागला, तर तो बदललेला आहे हे स्पष्ट सांगा आणि तीळ, व्रण, दातांची ठेवण तक्रारीत लिहून घ्यायला लावा.