चाळीस पैकी तेवीस आणि ऐंशी पैकी बावन्न : कच्चा विषय कोणता?

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे (राज्य मंडळ, मराठी माध्यम). सराव परीक्षेत मराठीत ८० पैकी ५८, इंग्रजीत ८० पैकी ५२, बीजगणितात ४० पैकी ३१ आणि भूमितीत ४० पैकी २३ गुण मिळाले. अंतर्गत मूल्यमापनात गणिताला २० पैकी १९ आणि इंग्रजीला १८ आहेत. आधीच्या घटक चाचणीत गणितात २० पैकी १५ होते. यांचे म्हणणे असे, की इंग्रजीत सर्वांत जास्त गुण गेले, म्हणून शिकवणी इंग्रजीची लावू. खरोखर कच्चा विषय कोणता, हे कसे ठरवायचे?

उत्तर : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि वर्गशिक्षक म्हणून बरीच वर्षे निकालपत्रके तयार केली आहेत. आपल्या घरात जी चर्चा चालली आहे, तीच दर सहामाहीनंतर पालकसभेत ऐकतो. तिचे मूळ बहुधा एकच असते : बोर्डाच्या गुणपत्रिकेवर प्रत्येक विषय शंभरपैकी असल्यामुळे गुण आणि टक्के एकच, अशी आपल्याला सवय झालेली असते. शाळेतल्या परीक्षांत मात्र भाषांची लेखी परीक्षा ८० गुणांची, बीजगणित आणि भूमिती प्रत्येकी ४० गुणांची आणि घटक चाचणी २० गुणांची असते, आणि तिथे गेलेले गुण नुसते मोजले की चूक होते. इंग्रजीत २८ गुण गेले आणि भूमितीत १७, हे खरे आहे. पण ते २८ गुण ८० मधून गेले आहेत आणि १७ गुण ४० मधून.

मिळालेल्या गुणांना एकूण गुणांनी भागून शंभराने गुणायचे, ही रीत आपल्याला ठाऊक असेलच. मी मुलांना ती कागदाशिवाय करायला लावतो, कारण शाळेतल्या ठरावीक एकूण गुणांसाठी जुन्या पाढ्यांचा फार उपयोग होतो. २० पैकी गुण असतील तर पाचपट करावी, २५ पैकी असतील तर चौपट, ४० पैकी असतील तर अडीचपट आणि ८० पैकी असतील तर सव्वापट. ज्यांच्या घरी आजोबांना अडीचकी पाठ आहे त्यांनी त्यांनाच विचारावे : तेवीस अडीच किती? साडेसत्तावन्न. तेच भूमितीचे टक्के. एकतीस अडीच साडेसत्त्याहत्तर, हे बीजगणिताचे. सव्वापट करायची म्हणजे मूळ संख्येत तिचा पाव भाग मिळवायचा : इंग्रजीच्या ५२ मध्ये १३ मिळवले की ६५ टक्के, आणि मराठीच्या ५८ मध्ये साडेचौदा मिळवले की साडेबाहत्तर टक्के. (बारावीला भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची असते, तिथे मात्र हे पाढे साथ देत नाहीत आणि सरळ भागाकारच करावा लागतो.)

म्हणजे क्रम लावला तर बीजगणित ७७.५, मराठी ७२.५, इंग्रजी ६५ आणि भूमिती ५७.५. एवढ्यावरून पाहिले तर सर्वांत खाली भूमिती आहे, इंग्रजी नाही. परंतु इथेच थांबू नका, कारण टक्के काढल्याने फक्त छेद सारखा होतो, बाकीचे फरक तसेच राहतात.

पहिला फरक अंतर्गत गुणांचा. गुणपत्रिकेवर गणित म्हणजे बीजगणित ३१, भूमिती २३ आणि अंतर्गत १९, मिळून १०० पैकी ७३ असे दिसेल. आणि इंग्रजी ५२ अधिक १८, म्हणजे ७०. या दोन आकड्यांकडे पाहून कोणीही म्हणेल, की गणित ठीक आहे. भूमितीची कमजोरी त्या ७३ मध्ये पार बुडून गेलेली असते. अंतर्गत २० गुण बहुतेक मुलांना भरभरून मिळतात, त्यामुळे ते तुलनेत धरले तर सगळेच विषय वर उचललेले दिसतात आणि त्यांच्यातले अंतर कमी होते. विषय कच्चा की पक्का हे पाहताना लेखी परीक्षेचे गुण वेगळे काढावेत : गणिताची लेखी परीक्षा ८० पैकी ५४, म्हणजे साडेसदुसष्ट टक्के, आणि त्यातही दोन भाग अलग ठेवावेत, कारण एकाच मुलाचे बीजगणित आणि भूमिती यांत इथे वीस टक्क्यांचे अंतर आहे.

याच ठिकाणी पालकांकडून, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांकडूनही, एक चूक हमखास होते. बीजगणित ७७.५ टक्के, भूमिती ५७.५ टक्के आणि अंतर्गत २० पैकी १९ म्हणजे ९५ टक्के. या तिघांची बेरीज करून तिनाने भागले की ७६.६७ येते. पण खरे गुण तर ७३ आहेत! पावणेचार टक्के आले कुठून? अंतर्गत मूल्यमापनाचा भाग फक्त २० गुणांचा असताना त्याला ४० गुणांच्या पेपराइतकेच वजन दिले गेले, म्हणून आले. एकूण गुण वेगवेगळे असलेल्या परीक्षांच्या टक्क्यांची थेट सरासरी काढू नये. आधी मिळालेले गुण एकत्र करावेत, एकूण गुण एकत्र करावेत आणि मगच भागाकार करावा. सगळ्या परीक्षांचे एकूण गुण सारखे असतील, तरच टक्क्यांची सरासरी बरोबर येते.

दुसरी गोष्ट घटक चाचणीची. २० पैकी १५ म्हणजे ७५ टक्के होते आणि आता लेखी गणितात साडेसदुसष्ट आहेत, तेव्हा मुलगा गणितात घसरला असे आपल्याला वाटण्याचा संभव आहे. घाई करू नका. २० गुणांच्या चाचणीत एक गुण म्हणजे पाच टक्के असतात. ४० गुणांच्या पेपरात अडीच आणि ८० गुणांच्या पेपरात सव्वा टक्का. ही साडेसात टक्क्यांची घसरण घटक चाचणीच्या भाषेत सांगायची तर दीड गुणाची आहे. एखादी पायरी लिहायची राहिली, एका आकृतीला नावे द्यायची विसरली, की तेवढे गुण जातातच. शिवाय घटक चाचणीत एकदोनच प्रकरणे असतात आणि सराव परीक्षेत सबंध पुस्तक. म्हणून मी स्वतः लहान चाचणीतल्या दहा टक्क्यांपर्यंतच्या फरकाकडे फारसे लक्ष देत नाही, आणि तेच अंतर दोन ८० गुणांच्या पेपरांत दिसले तर मात्र उत्तरपत्रिका काढून बसतो.

आता सर्वांत महत्त्वाचा फरक, आणि तो कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही : पेपर किती अवघड होता. सराव परीक्षेचा भूमितीचा पेपर काही शाळा मुद्दाम कठीण काढतात आणि इंग्रजीचा सरळ पुस्तकातून येतो. तेव्हा भूमितीतले साडेसत्तावन्न आणि इंग्रजीतले पासष्ट हे एकाच मापाने मोजलेले नसतात. याचा अंदाज घेण्यासाठी वर्गशिक्षकांना एवढेच विचारावे, की त्या पेपरात वर्गातल्या मधल्या विद्यार्थ्याला किती गुण पडले. वर्गातील सर्वांचे गुण चढत्या क्रमाने लावले असता जो बरोबर मध्यभागी येतो तो आकडा, म्हणजे आपण नववी-दहावीला शिकतो तो मध्यक. इतर मुलांची नावे किंवा गुण त्यासाठी कोणी सांगावे लागत नाहीत, त्यामुळे शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण दोन-तीन मुलांना अगदी थोडे गुण पडले तर सरासरी ओढली जाते, मध्यक फारसा हलत नाही.

समजा, चौकशी केल्यावर कळले, की भूमितीत मध्यक ४० पैकी २२ आहे आणि इंग्रजीत ८० पैकी ६०. टक्क्यांत सांगायचे तर पंचावन्न आणि पंचाहत्तर. मग आपला मुलगा भूमितीत मधल्या विद्यार्थ्याच्या अडीच टक्के वर आहे आणि इंग्रजीत दहा टक्के खाली. अशा वेळी आपल्या यजमानांचे म्हणणे बरोबर ठरेल, जरी त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते तरी! याउलट भूमितीचा मध्यक ३० निघाला, तर वर्गाला जे जमले ते याला जमलेले नाही, आणि शिकवणी भूमितीचीच लागेल. माझ्या अनुभवात हा एक आकडा विचारून आलेले पालक जो निर्णय घेतात, तो बाकी सगळ्या हिशेबांपेक्षा शहाणपणाचा असतो.

यजमानांच्या बाजूने आणखी एक सांगायला हवे. गेलेले गुण मोजण्यालाही अर्थ आहे, फक्त तो वेगळ्या प्रश्नाचा आहे. विषय किती आला हे टक्के सांगतात. अभ्यास केल्यास एकूण निकालात किती भर पडेल हे गेलेले गुण सांगतात. इंग्रजीत दहा टक्के सुधारणा झाली तर गुणपत्रिकेत आठ गुण वाढतील, भूमितीत तेवढीच सुधारणा झाली तर चारच. मात्र भूमितीतले दहा टक्के प्रमेयांच्या सिद्धता आणि रचना पक्क्या करून महिन्याभरात मिळू शकतात, आणि इंग्रजीतले दहा टक्के तितक्या लवकर मिळतीलच असे नाही. हे मुलाची उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

हा हिशेब वर्षभर ठेवायचा असेल तर एक्सेलमध्ये B स्तंभात मिळालेले गुण आणि C स्तंभात एकूण गुण लिहा आणि D मध्ये हे सूत्र घाला :

```
=IF(ISNUMBER(B2),B2/C2*100,"")
```

नुसता भागाकार का लिहिला नाही, तर मुलगा एखाद्या परीक्षेला गैरहजर असेल आणि त्याची जागा रिकामी राहिली, तर साधे सूत्र तिथे शून्य टक्के दाखवते आणि ते शून्य पुढच्या सरासरीत गुपचूप शिरते. आमच्या वर्गाच्या निकालपत्रकात एकदा आजारी पडलेल्या मुलीबाबत माझ्याकडून नेमके हेच झाले, आणि तिच्या आईच्या लक्षात येईपर्यंत पत्रकावर तिच्या वडिलांची सहीही होऊन गेली होती. शिवाय D स्तंभाला टक्क्यांचे चिन्ह देऊ नका. सूत्रात शंभराने गुणलेले असताना ते चिन्ह दिले, की भूमितीत आपल्या मुलाला ५७५० टक्के मिळालेले दिसतील.