पाच तारे खूप, एक तारा खूप, मधलं काहीच नाही: म्हणजे रिव्ह्यू खोटे का?

"मिक्सर घ्यायचाय. पानावर पाच तारे भरपूर, एक ताराही भरपूर, दोन-तीन-चार जवळजवळ नाहीतच. म्हणजे रिव्ह्यू खोटेच ना?"

नाही. कोणत्या ताऱ्याला किती मतं हे दाखवणाऱ्या नुसत्या पट्ट्यांच्या आकारावरून खोटेपणा ठरत नाही. आमच्या घरात याच एका गोष्टीवरून दोन वर्षं वाद चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचे सोलापुरात यंत्रमाग आहेत, चादरी विणतो. पूर्वी सगळा माल व्यापाऱ्याकडे जायचा, आता थोडा ऑनलाइन विकतो आणि ते पान मी सांभाळते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या डबल चादरीच्या पानावर 172 जणांनी तारे दिलेले होते. पाच तारे 108, चार 19, तीन 8, दोन 6 आणि एक तारा 31. सरासरी चारला जेमतेम टेकलेली. माझे धाकटे दीर ते बघून म्हणाले, "वहिनी, हे एक तारेवाले सगळे पानिपतचे चादरवाले. आपलं पान पाडायला बसलेत. आपणही पाच तारे विकत घेऊ."

मधले तारे कमी असणं हे मुळात बऱ्याच ठिकाणी असतं. हू, पाव्लू आणि झांग या संशोधकांनी 2009 साली याच आकारावर लेख लिहिला होता. कारणं त्यांनी दोन सांगितली. ज्याला वस्तू आवडेल असं आधीच वाटतं तोच ती विकत घेतो, म्हणून पाचाची पट्टी लांब होते. आणि ज्याला ती 'ठीक आहे' वाटली तो लिहायलाच येत नाही, लिहितो तो खूश झालेला किंवा चिडलेला. एकाच वस्तूवर सगळ्यांना मत द्यायला लावलं तेव्हा मधले तारे भरले. तुम्हीच आठवा, बरा चाललेल्या टॉर्चला तीन तारे द्यायला तुम्ही कधी फोन हातात घेतलाय का?

मी मात्र ते 31 रिव्ह्यू वाचायला बसले. आठ जणांनी नुसते तारे दिले होते, लिहिलं होतं 23 जणांनी. सहा तक्रारी पार्सल उशिरा आलं, घडी मळलेली होती अशा. उरलेल्या 17 जणांची तक्रार एकच होती, पहिल्या धुण्यात रंग गेला. आमच्या पानावर पाच रंग आहेत आणि सगळ्यांचे तारे एकाच तक्त्यात पडतात, पण प्रत्येक रिव्ह्यूखाली रंगाचं नाव बारीक अक्षरात असतं. सतराच्या सतरा मरून. तारखाही दिवाळीच्या पंधरवड्यानंतरच्याच, त्याआधी रंगाची एकही तक्रार नाही.

मी गोदामातून मरून चादर काढली, पांढरं फडकं ओलं करून तिच्यावर दहा-बारा वेळा घासलं. फडकं गुलाबी झालं. हिरव्या आणि निळ्या चादरीवर तसंच घासलं, फडकं पांढरंच राहिलं. गडद रंगात सुताला न चिकटलेला रंग जास्त उरतो, तो उकळत्या साबणाच्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. त्याला डाईंगवाले सोपिंग म्हणतात. दिवाळीच्या घाईत त्या लॉटचं सोपिंग उरकून टाकलं होतं, हे डाईंगवाल्याने विचारल्यावर कबूल केलं. म्हणजे आमच्या तक्त्यात दोन वेगळे माल एकत्र दिसत होते, चार रंग चांगले आणि एक लॉट खराब. दोन टोकं उंच आणि मध्ये खड्डा, हे अशाने प्रामाणिकपणेही होतं.

तरी भावोजींनी केलं ते केलंच. टेलिग्रामवर एजंट गाठला. पद्धत अशी: माणूस खरोखर चादर विकत घेतो, पाच तारे देतो, स्क्रीनशॉट पाठवतो, मग त्याला चादरीचे पूर्ण पैसे परत. वर एजंटला प्रत्येक रिव्ह्यूमागे 100. चादर 780 ची, अशा 40 चादरी, एकूण 35,200 रुपये. खरेदी खरी असल्यामुळे 'व्हेरिफाइड'चा शिक्का या रिव्ह्यूंवरही येतो. त्या शिक्क्याच्या भरवशावर राहू नका.

पण ते 40 ओळखू येत होते. सगळे नऊ दिवसांत पडले. तेवढ्या वेळात चार ताऱ्यांत एकाचीही भर नाही, आणि खऱ्या खूश गिऱ्हाइकांत 'छान आहे पण जड आहे' म्हणत चार देणारा कोणीतरी असतोच. फोटोत चादर प्लास्टिकच्या पिशवीतच, घडीसुद्धा मोडलेली नाही. आमचे खरे रिव्ह्यू दोन-तीन आठवड्यांनी येतात, कारण बाई चादर एकदा धुऊन बघते आणि मग लिहिते. त्या चाळिसांत धुण्याचा शब्द कुठेच नव्हता. ज्यांची नावं उघडून बघता आली त्यांनी त्याच आठवड्यात पंखा, टूथब्रश, मोबाइलचं कव्हर, सगळ्याला पाचच तारे दिलेले.

आता भावोजींच्याच हिशोबाने मोजते. ते 40 धरून सरासरी 3.97 वरून 4.17 झाली. विकतचे बाजूला ठेवले आणि मरूनचे 17 झालेच नसते असं धरलं, तर तीच सरासरी 4.30 होते. सोपिंग नीट झालं असतं तर एक पैसा न देता चाळीस विकतच्या ताऱ्यांपेक्षा जास्त मिळालं असतं. मी पानावरून मरून बंद केला आणि उरलेलं सूत परत सोपिंगला पाठवलं. "यात बेकायदा काय?" असं ते अजून विचारतात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय की विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचा नाही. एजंट मध्ये घातला म्हणून पैसे देणारा हात बदलत नाही.

तुमच्या मिक्सरचं म्हणाल तर पट्ट्या सोडा आणि एक तारेवाले आधी वाचा. सगळ्यांची तक्रार एकच असेल, समजा जारच्या खालून गळतंय, आणि ती एकाच मॉडेलची किंवा एकाच महिन्यातली असेल, तर ते लोक बहुधा खरं बोलतायत. तुम्ही घेणार ते मॉडेल तेच आहे का एवढं बघा. विक्रेत्याचा स्पर्धक एक तारा टाकतो तेव्हा तो बहुधा 'बकवास, घेऊ नका' एवढंच लिहितो, काय बिघडलं ते त्याला माहीत नसतं. मग पाच तारे नव्यातून जुन्याकडे लावून तारखा बघा, वाटण घातल्याचा, आवाजाचा, मोटर तापल्याचा उल्लेख किती जण करतात ते बघा.

एक सांगायचं राहिलं. नुसते तारे देऊन गेलेल्यांचं काहीच तपासता येत नाही, आणि असे बरेच असतात. काही साइट सरासरी सरळ बेरीज-भागाकाराने काढतही नाहीत, त्यामुळे माझ्यासारखा हिशोब प्रत्येक पानाला लागू पडेलच असं नाही. आणि पंधरा-वीसच रिव्ह्यू असतील तर यातलं काहीच ओळखता येणार नाही.

भावोजींचं अजूनही म्हणणं आहे की ते 17 पानिपतचेच होते. त्या सतरांपैकी सात जणांनी फोटो टाकलेत. एकात बादलीतलं पाणी लाल झालंय, शेजारी शाळेचा पांढरा शर्ट गुलाबी झालाय आणि बादलीच्या काठावरून चादरीचा कोपरा बाहेर आलाय. त्या कोपऱ्यात विणलेलं नाव आमचंच आहे.