सर्वो हलला की ईएसपी३२ रीसेट: बोर्ड बदलण्याआधी हे बघा

> "एमजी९९६आर सर्वो आणि ईएसपी३२ एकाच ५ व्होल्ट २ अँपिअर अडॅप्टरवर आहेत. सर्वो फिरायला लागला की बोर्ड रीसेट होतो. लॅपटॉपला जोडून बघितलं तर व्यवस्थित चालतं. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, फरक नाही. बोर्ड खराब असेल का?"

बोर्ड बहुतेक ठणठणीत आहे. आमच्या खुराड्याच्या दाराला हाच सर्वो होता आणि हाच ताप होता, म्हणून राहवलं नाही. आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही, हौशी माणूस आहे. ग्राउंड कॉमन ठेवणं, पोलॅरिटी वगैरे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून लिहितोय.

लॅपटॉपला लावल्यावर चालतं, यातच अर्धं उत्तर आहे. तेव्हा बोर्डाला यूएसबीतून वेगळी वीज मिळते आणि अडॅप्टर कितीही बसला तरी बोर्डाला कळत नाही. पंचाईत अशी की सिरियल मॉनिटरवर `Brownout detector was triggered` ही ओळ बघायला यूएसबी लावावी लागते, आणि यूएसबी लावली की रोगच पळतो. त्यामुळे रीसेटचं कारण बोर्डावरच्या एलईडीकडून वदवून घ्यायचं:

```
void setup() {
  pinMode(2, OUTPUT);
  int n = esp_reset_reason();
  for (int i = 0; i < n; i++) {
    digitalWrite(2, HIGH); delay(250);
    digitalWrite(2, LOW);  delay(250);
  }
}
```

हे `setup()` च्या अगदी सुरुवातीला, सर्वो `attach` करण्याआधी टाका. बऱ्याच बोर्डांवर एलईडी २ नंबरच्या पिनवर असतो, तुमच्याकडे वेगळा असेल तर आकडा बदला. यूएसबी काढा, अडॅप्टरवर चालवा आणि रीसेटनंतर मोजा. नऊ वेळा लुकलुकला तर ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज खाली बसलं पण पूर्ण गेलं नाही. एकदाच लुकलुकला तर वीज पार गेली आणि परत आली. अडॅप्टरचं ओव्हरलोड संरक्षण आउटपुट बंद करून पुन्हा चालू करतं तेव्हा असं होतं, आणि बऱ्याचदा अडॅप्टरचा स्वतःचा दिवाही तेव्हा मिचमिचतो.

आता माझ्या रागाचा विषय. अडॅप्टर ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या तक्रार विभागाने मला मल्टिमीटरचा फोटो मागितला. पाठवला, ५.०८ व्होल्ट. "अडॅप्टर बरोबर आहे, बोर्ड बदला," असं उत्तर आलं आणि तक्रार बंद. पुन्हा लिहिलं की सर्वो हलताना बिघडतं, तर तेच उत्तर चिकटवून परत आलं. त्यांच्या शब्दावर बोर्ड बदलला, नवाही तसाच वागला. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो आणि मधली सरासरी दाखवतो. वीसेक मिलिसेकंदांची खाच त्याला दिसतच नाही. त्यातून फोटो काढला तेव्हा सर्वो शांत उभा होता! विनालोड अडॅप्टर ५.०८ दाखवतो यावरून भाराखाली तो काय करेल हे ठरत नाही, एवढं त्या खिडकीवर बसलेल्या माणसाला कळायला हरकत नव्हती. असो.

खाच किती खोल जाते ते बघा. हा सर्वो अडकला तर अडीच अँपिअरपर्यंत ओढतो, आणि थांबलेल्या अवस्थेतून सुटताना क्षणभर जवळपास तेवढाच. तुमचा अडॅप्टर दोनचा आहे, म्हणजे तो तिथेच संपला. तो चांगला तीनचा असता तरी ब्रेडबोर्ड आणि बारीक जंपर वायरींचा जाऊन-येऊन ०.३ ओहम रोध सहज होतो. २.५ × ०.३ = ०.७५ व्होल्ट वायरीतच गेले, बोर्डाला उरले सव्वाचार. बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला (बहुतेक एएमएस१११७ असतो) वर साधारण १.१ व्होल्टची मोकळीक लागते. म्हणजे पाचाची लाइन ४.४ च्या खाली गेली की ३.३ सुद्धा तिच्यामागून उतरायला लागतं. चिपचा ब्राउनआउट २.४ च्या आसपास उडतो. मधल्या पट्ट्यात रीसेट होत नाही, पण वायफाय तुटतं, सेन्सर काहीबाही आकडे देतो. तुमच्याकडे रीसेटच्या आधी असं काही दिसत असेल तर मूळ हेच समजा.

कपॅसिटरने फरक का पडला नाही, तेही याच हिशोबात आहे. १००० मायक्रोफॅरड, दोन अँपिअरची तूट आणि अर्धा व्होल्ट उतार चालेल असं धरलं, तर t = C × V / I = ०.००१ × ०.५ / २, म्हणजे पाव मिलिसेकंद. मोटर उचलायला दहा-वीस तरी मिलिसेकंद घेते. कपॅसिटर मोटरच्या ब्रशच्या बारीक काट्यांसाठी असतो, भाराची भूक भागवायला नाही. तो काढू नका, पण त्याच्यावर विसंबूही नका. रांजण भरून ठेवला म्हणून नळाची धार मोठी होत नाही.

मी शेवटी काय केलं ते सांगतो. इतर मार्ग असतील, मला हाच पटला. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, त्यावर दोन वेगळे बक मॉड्यूल, एक ६ व्होल्टचं सर्वोला आणि एक ५ व्होल्टचं बोर्डाला. सर्वोचे जास्तीत जास्त ६ × २.५ = १५ वॉट, मॉड्यूलची ८० टक्के कार्यक्षमता धरली तर बारावर १.६ अँपिअर. बोर्डासाठी थोडं उरतं. खरी गंमत अशी की बारा व्होल्ट बसून नऊ झाले तरी पाचच्या बकला काही वाटत नाही. तीन व्होल्टची खाच वरच्या वर जिरते. सर्वोच्या बाजूला एलएम२५९६ चं स्वस्त मॉड्यूल घेणार असाल तर त्यावरच्या तीन अँपिअरवर फार भरवसा नको. हीटसिंकशिवाय दोनच्या पुढे सतत चालवलं की ते तापतं. सर्वो क्षणभरच ओढतो म्हणून माझं निभतं. जोडण्याआधी दोन्हींचं व्होल्टेज मीटरने लावून घ्या (इथे मीटर चालतो!) आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर धक्क्याने सरकतो.

वायरिंगमध्ये एकच हट्ट धरा. सर्वोची तपकिरी ग्राउंड वायर बोर्डाच्या ग्राउंड पिनवरून परत नेऊ नका. दोन्ही मॉड्यूलच्या ग्राउंड वायरी १२ व्होल्टच्या सॉकेटपाशी एकत्र येऊ द्या. नाहीतर सर्वोचा करंट बोर्डाच्या ग्राउंडमधून वाहतो, तेवढ्या वेळापुरती बोर्डाची जमीनच वर उचलली जाते आणि सर्वो थरथरतो. मग लोक कोडमध्ये शोधत बसतात.

आणि कोणी `WRITE_PERI_REG(RTC_CNTL_BROWN_OUT_REG, 0);` टाकून ब्राउनआउट बंद करा म्हणेल, तर ऐकू नका. रीसेट थांबेल कदाचित, पण चिप अर्धपोटी धावत राहील, आणि नेमकं फ्लॅशमध्ये काही लिहीत असेल तर ते बिघडू शकतं. वायफाय जोडून झाल्यावर मग सर्वो `attach` करणं मात्र चांगलं, कारण बूट होताच सर्वो उडी मारतो, पुन्हा रीसेट, पुन्हा उडी, असं चक्र होतं. तेवढं चक्र त्याने तुटेल, तूट भरून निघणार नाही.

किती वेळा लुकलुकलं ते लिहा. चार आले तर वीज सोडा आणि कोड टाका इथे, तो प्रोग्रॅम कोसळल्याचा आकडा आहे.