मॅग्लेव्ह बॉलचं मॉडेल बनवलं, पीआयडी लावला, तरी बॉल हवेत थांबत नाही. कोणता कॉम्पेन्सेटर घेऊ?

लीड घ्या. पण आधी कॉइलला करंट लूप लावा, नाहीतर लीड घेऊनही बॉल पडेल.

हे सांगतोय कारण नागपूरला फायनल इयरला आमचे दोन महिने यातच गेले. बॉल चुंबकाखाली 10 मिमीवर धरायचा होता, तिथे 0.8 अँपिअर लागायचे. ओढ करंटच्या वर्गाने वाढते, अंतराच्या वर्गाने घटते, त्या जागेभोवती लिनिअराइज केलं की हे उरतं (x खाली मोजलेलं, x आणि i म्हणजे ठरलेल्या जागेपासूनचा फरक):

```
x'' = (2g/x0)·x - (2g/i0)·i
```

पोल आले ±44, म्हणजे साधारण 23 मिलिसेकंदात चूक पावणेतीनपट होते. नुसता पी लावून गेन मिमीमागे 0.08 अँपिअरच्या वर नेला (हे i0/x0 च आहे) तर दोन्ही पोल काल्पनिक अक्षावर जातात, कागदावरही बॉल नुसता झुलत राहतो, डॅम्पिंग लीडनेच येतं.

आमचा बॉल मात्र लीड लावूनही थांबत नव्हता, एकतर टक्कन कोअरला चिकटायचा नाहीतर खाली. गाइड सरांचं एकच, मॉडेल चुकलंय, झिगलर-निकोल्सने पीआयडी ट्यून करा. अहो पण त्याला जो स्टेप रिस्पॉन्स लागतो तो आणायचा कुठून, ओपन लूपमध्ये बॉल एका जागी थांबतच नाही! शेवटी कॉइलच्या सिरीजमध्ये 1 ओहमचा रेझिस्टर टाकून स्कोपवर पाहिलं तर सेन्सरचा सिग्नल आधी हलतो आणि करंट मागून येतो. कॉइल 150 मिलीहेन्री, 10 ओहम, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर करंटला 15 मिलिसेकंदांची सुस्ती, आणि हा लॅग मॉडेलमध्ये धरलाच नव्हता. लीडने कमावलेला फेज सगळा तोच खात होता. मग त्याच रेझिस्टरवरून ऑप-अँपने करंट लूप बंद केला, सप्लाय 12 वरून 24 व्होल्ट केला, करंट मिलिसेकंदभरात यायला लागला. लीडचा झिरो 44 वर, पोल 400 वर, डीसी गेन मिमीमागे 0.36 अँपिअर, त्याच संध्याकाळी बॉल थांबला. बॉलचं समीकरण एका अक्षरानेही बदललं नव्हतं, हे मी व्हायव्हातही सांगितलं आणि आजही सांगतो.

हो, एक राहिलं. झिरोने -44 चा स्थिर पोल कॅन्सल होतो ते चालतं, +44 चा कधीच कॅन्सल करू नका, जराशा फरकाने बॉल पळतो. आणि हा लीड वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल नऊपट करतो, त्यामुळे आयआर सेन्सरवर ट्यूबलाइट पडली की 100 हर्ट्झची गुणगुण कॉइलमधून ऐकू येते. आम्ही बर्डीच्या बाजारातून आणलेल्या फोटोडायोडला काळी नळी लावली तेव्हा ती गेली. पीआयडीतल्या आयची गरज वजन वेगळं असलेला बॉल लावून जागा सरकली तरच, तोही अगदी हळू ठेवा.