दारातला फिल्टरवाला

इंदूरला नवीन आहात, म्हणून आधी एकच सांगते: दारावर कुणी विक्रेता आला तर जाळीचं दार उघडायचं नाही, बोलायचं ते त्याच्या आडूनच. "नमस्ते भैया, हम दरवाज़े पर कुछ नहीं लेते, धन्यवाद." एवढं म्हणून आतलं दार लावा.

नवीन माणूस चुकतो ते कारण देण्यात. 'साहेब घरी नाहीत' म्हटलं की तो विचारतो, मग संध्याकाळी किती वाजता येऊ? शिवाय तुम्ही एकट्या आहात हेही त्याला कळतं.

पाण्याच्या फिल्टरवाल्याला तर 'टेस्ट'साठी ग्लासभर पाणीही देऊ नका. मी सुदामानगरात राहत असताना दिलं होतं. त्याने नळाच्या नर्मदेच्या पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडली आणि बघता बघता पाणी तपकिरी, वर फेस! मी घाबरलेच. नंतर कळलं, तो गंज लोखंडी सळीचाच. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं.

पुन्हा बेल वाजली तर तेच वाक्य, त्याच आवाजात. पत्रक देऊ केलं तर जाळीत खोचायला सांगा.